एका निष्कर्षातले तीन शब्द: गडचिरोलीच्या अभ्यासातून अंतर्गत आणि बाह्य वैधता

प्रश्न: मी एमडी कम्युनिटी मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गावांत आशांना जादा प्रशिक्षण देऊन बाळंतिणींकडे जादा भेटी द्यायला लावल्या. शेजारच्या केंद्राच्या गावांत नेहमीचेच काम चालू ठेवले. निष्कर्षात लिहिले, ‘आशांच्या जादा गृहभेटींमुळे ग्रामीण महाराष्ट्रात निव्वळ स्तनपान वाढते.’ गाईड म्हणतात, अंतर्गत वैधता अर्धवट आणि बाह्य तर नाहीच, वाक्य कापा. नेमके कुठे कापू?

उत्तर:

तीन ठिकाणी कापा. ‘मुळे’, ‘ग्रामीण महाराष्ट्रात’ आणि ‘वाढते’.

‘मुळे’ हा शब्द अंतर्गत वैधतेच्या हद्दीतला आहे. तुम्ही ज्या गावांत, ज्या महिन्यांत काम केले तिथे दिसलेला फरक खरोखर त्या भेटींचाच होता का, की दुसऱ्या कशाचा, एवढाच तिथे प्रश्न असतो. ‘ग्रामीण महाराष्ट्रात’ हे बाह्य वैधतेच्या हद्दीतले आहे: तिथे जे झाले ते इतर गावांत, इतर आशांच्या हातून होईल का? ‘वाढते’ हे क्रियापद फसवे आहे. ‘वाढले’ म्हणजे घडलेली एक गोष्ट, ‘वाढते’ म्हणजे नियम. प्रबंधाच्या शेवटच्या पानावर भूतकाळाचा वर्तमानकाळ नकळत होतो आणि त्या एका अक्षरात दोन्ही दावे एकदम वाढून बसतात.

व्याख्या तुम्हाला पाठ असतीलच, त्या सांगत बसत नाही. त्याऐवजी एक अभ्यास घेऊ, ज्याच्याशी तुमच्या विषयाचे थेट नाते आहे. आज आशा ज्या गृहभेटी देतात त्यांचे मूळ बऱ्याच अंशी त्यात आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत केलेला घरच्या घरी नवजात बाळाच्या देखभालीचा हा अभ्यास डिसेंबर 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. मी विद्यार्थ्यांना हाच शिकवतो, कारण त्याची जी ताकद आहे ती कुठून आली हे दाखवता येते आणि जी मर्यादा आहे तीही.

अभ्यास असा होता. 39 गावांत ही देखभाल सुरू केली, 47 गावे तुलनेसाठी ठेवली. हस्तक्षेपाच्या गावांची लोकसंख्या 39 हजारांच्या आसपास, म्हणजे दर गावी सरासरी हजार माणसे आणि त्यामागे गावातलीच थोडी शिकलेली एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून. 1993 ते 1995 या काळात दोन्ही भागांतले जन्ममृत्यू मोजून घेतले. 1995 पासून तीन वर्षे हस्तक्षेप चालला. पहिल्या वर्षी मुख्यतः बाळांची निरीक्षणे टिपली, पुढे उपचार टप्प्याटप्प्याने आणले: जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, ऊब, स्तनपान, कमी वजनाच्या बाळाची जादा काळजी, आणि जंतुसंसर्ग झाला तर तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल आणि जेंटामायसिनचे इंजेक्शन.

सुरुवातीला हस्तक्षेपाच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या 28 दिवसांत दगावत होती, तुलनेच्या गावांत 58. तिसऱ्या वर्षी हस्तक्षेपाच्या गावांत हा दर 25.5 झाला, तुलनेच्या गावांत 59.6 राहिला. एकीकडे साडेछत्तीसची घट, दुसरीकडे दीड-दोनची वाढ, दोन्ही मिळून अडतीसच्या आसपास फरक. मूळ 62 शी त्याचे प्रमाण काढले की साधारण 62 टक्के घट होते.

आता यातला ‘मुळे’ तपासू.

पहिली शंका काळाची. 1993 ते 1998 या वर्षांत रस्ते आले असतील, लसीकरण वाढले असेल, चांगली पिके झाली असतील. तुलनेची गावे ठेवायची ती यासाठीच. तिथला दर साठच्या आसपासच थांबला, म्हणजे त्या पट्ट्यात बाळे आपोआप वाचू लागली होती असे म्हणायला जागा राहत नाही. फक्त आधीचे-नंतरचे आकडे असते तर ही शंका कधीच फिटली नसती.

दुसरी शंका गावांच्या वेगळेपणाची, आणि इथे अभ्यास खरोखर कमकुवत आहे. गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर माहीत असलेले फरक आणि माहीत नसलेले फरक, दोन्ही सम होण्याकडे कल राहिला असता. इथे तसे झालेले नसल्याने सुरुवातीचे 62 आणि 58 फार मोलाचे ठरतात. दोन्ही भाग सारख्याच वाईट अवस्थेतून निघाले, एवढे त्यातून दिसते. पण आरंभबिंदू सारखा असला म्हणून पुढची वाटचाल सारखी होती असे सिद्ध होत नाही, हे लिहूनच ठेवावे लागते. शिवाय जन्म जरी वर्षाला हजाराच्या आसपास असले तरी वाटप एकेका बाळाचे झाले नव्हते, भागांचे झाले होते. एका भागातल्या बाळांचे नशीब एकमेकांशी बांधलेले असते: तोच नाला, तीच सुईण, तोच दवाखाना. म्हणून बाळे सुटी सुटी धरून काढलेला पी-मूल्याचा आकडा जेवढा छाती काढून उभा असतो तेवढा भरवसा त्याच्यावर टाकू नये. तुमच्याकडे तर दोनच केंद्रे आहेत. आया कितीही घेतल्या तरी केंद्रे दोनच राहतात.

तिसरी शंका मोजणीची. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त प्रबंध इथेच घसरतात, म्हणून थोडा थांबतो.

मृत्यू मोजणे सोपे वाटते. पण पहिल्या तासात गेलेले बाळ गावात बऱ्याचदा मोजलेच जात नाही. बारसे झालेले नसते, नाव नसते, घरचे त्याचा उल्लेख टाळतात. आरोग्यदूत गरोदरपणापासून घरी जात असेल तर तिच्या नजरेतून ते सुटत नाही. उलट, अधूनमधून होणाऱ्या पाहणीत सुटू शकते. समजा तुलनेच्या गावांत असे काही मृत्यू सुटले, तर तिथला दर खऱ्यापेक्षा कमी दिसेल आणि हस्तक्षेपाचा फायदा खऱ्यापेक्षा लहान भासेल. म्हणजे ही चूक झाली असलीच तर ती निष्कर्षाच्या विरोधात झाली. चूक असू शकते एवढे म्हणून थांबू नका, ती आकडा कुठल्या बाजूला ओढेल ते लिहा. तिथेच परीक्षकाला कळते की तुम्ही विचार केला आहे.

पण निष्कर्षाच्या बाजूने ओढणारी चूकही शक्य होती. नवजात मृत्युदरात जिवंत जन्मलेली बाळेच धरतात. आरोग्यदूताने बाळाला श्वास देण्याचा प्रयत्न केला, बाळ गेले, आणि तिने नोंद ‘मृतजन्म’ अशी केली, तर ते बाळ अंशातूनही जाईल आणि छेदातूनही. तिच्या मनात खोट नसली तरी असे होऊ शकते, कारण दोन-चार धापा टाकलेले बाळ जिवंत म्हणायचे की नाही हा त्या अंधाऱ्या खोलीतला खरा पेच असतो. अशी सरकासरक झाली असती तर एकही बाळ न वाचता दर खाली आला असता.

हे तपासायची एक साधी वाट आहे. परिजात मृत्युदरात मृतजन्म आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र मोजतात. नोंद एका खणातून दुसऱ्या खणात गेली तरी दोन्ही खण याच पेटीत आहेत, त्यामुळे नुसत्या सरकासरकीने हा दर फारसा हलत नाही. गडचिरोलीत तुलनेच्या गावांच्या मानाने परिजात मृत्युदर 71 टक्क्यांनी उतरला. म्हणजे बाळे नुसती दुसऱ्या रकान्यात गेली नव्हती. अंतर्गत वैधता सांभाळायची म्हणजे हेच काम: दिसलेला फरक दुसऱ्या कशाने पडू शकला असता ते नाव घेऊन सांगायचे, तसे असते तर आकड्यांत आणखी काय दिसले असते ते ठरवायचे, आणि मग ते दिसते का ते पाहायचे. ‘गोंधळकारक घटकांची शक्यता नाकारता येत नाही’ हे वाक्य प्रत्येक प्रबंधात असते आणि त्याने काहीच तपासले जात नाही.

आणखी एक गळती आपल्याकडचीच आहे. पहिले बाळंतपण माहेरी. हस्तक्षेपाच्या गावातली लेक सासरी नांदते तुलनेच्या गावात, आणि बाळंतपणाला येते आईकडे. किंवा उलट. तिचे बाळ कुठल्या खात्यात? हे आधी ठरवून ठेवले नाही तर मागाहून, आकडे पाहिल्यावर ठरवायचा मोह होतो. सगळ्या अभ्यासांत मी विद्यार्थ्यांना एक रकाना सक्तीने ठेवायला लावतो: बाळंतपण कुठल्या गावी झाले, आणि बाळ सव्वा महिन्यापर्यंत कुठे होते.

त्याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे, तो वेगळ्या वजनाचा आहे. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळांपैकी उपचार सुरू होण्याआधी 163 मधली 16.6 टक्के दगावली, आणि आरोग्यदूतांचे उपचार सुरू झाल्यावर 71 मधली 2.8 टक्के. फरक डोळ्यांत भरतो. पण ही आधी-नंतरची तुलना आहे, शेजारी तुलनेचा गट नाही. 71 मधले 2.8 टक्के म्हणजे दोन बाळे. आणखी तीन गेली असती तर 7 टक्के झाले असते. शिवाय जंतुसंसर्ग ओळखायचा तो लक्षणांवरून, आणि नजर सरावली की सौम्य आजारही लवकर पकडला जातो. सौम्य आजार जास्त पकडले तर उपचार न बदलताही दगावणाऱ्यांचे प्रमाण घटते. इंजेक्शनाने काम केले हे मला पटते, जेंटामायसिन जंतूंवर चालते हे आपल्याला इतर मार्गांनीही माहीत आहे. पण हा 2.8 चा आकडा आणि एकूण मृत्युदराचा 62 टक्क्यांचा आकडा यांची अंतर्गत वैधता एका तोलाची नाही. एकाच लेखातल्या दोन वाक्यांची वैधता वेगवेगळी असू शकते. ‘या अभ्यासाची अंतर्गत वैधता चांगली आहे’ असे घाऊक प्रमाणपत्र म्हणूनच देऊ नये.

आणि सगळ्या शंका फेडल्या तरी ‘कशामुळे’ याचे उत्तर ‘त्या गाठोड्यामुळे’ एवढेच मिळते. ऊब, स्तनपान, श्वास, इंजेक्शन, आईला दिलेला धीर, वारंवार जाणे, वरचे पर्यवेक्षण, हे सगळे एकत्र गेले. त्यातल्या नुसत्या गृहभेटींचा वाटा किती, हे मुख्य तुलनेतून सांगता येत नाही. तुमच्याकडेही प्रशिक्षण आणि जादा भेटी दोन्ही एकदम दिले आहेत. मग वाक्यात एकट्या भेटींनाच श्रेय कसे?

आता दुसरा शब्द, ‘ग्रामीण महाराष्ट्रात’.

बाह्य वैधतेवर विद्यार्थी एक ठरलेले वाक्य लिहितात: ‘नमुना लहान असल्याने निष्कर्ष सर्वांना लागू करता येणार नाहीत.’ हे कारण चुकीचे आहे. नमुना दसपट केला तरी गावे तीच राहतील. चिठ्ठ्यांचाही असाच घोटाळा होतो. गावे दोन गटांत वाटायला चिठ्ठ्या टाकल्या तर अंतर्गत वैधता बळकट होते. अभ्यासात कुठली गावे घ्यायची यासाठी राज्यभरातून चिठ्ठ्या टाकल्या तर बाह्य वैधतेला मदत होते. पहिले केले म्हणून दुसरे मिळत नाही, आणि हे दोन्ही अर्थ ‘रँडम’ या एकाच शब्दात गुंडाळले जातात.

गडचिरोलीचा निष्कर्ष दुसरीकडे न्यायचा तर विचारायचे: तिथे बाळे कशाने जात होती, आणि त्यांना वाचवणारी साखळी कुठल्या कड्यांची होती? तिथे बाळंतपणे बहुतेक घरीच होत. मृत्युदर साठच्या घरात होता. गुदमरणे, थंडी, जंतुसंसर्ग ही मोठी कारणे, आणि ही सगळी एका शिकवलेल्या बाईच्या हाताने टळू शकणारी. गावात बाई होती, तिच्यावर भार फक्त हजारेक माणसांचा होता, म्हणजे वर्षाला पंचवीस-तीस बाळंतपणे. तिच्या मागे त्याच जिल्ह्यात राहणारी संस्था होती. परिणाम असा की तिसऱ्या वर्षी 93 टक्के नवजात बाळांपर्यंत ही देखभाल पोचली.

हा 93 चा आकडा मनात ठेवा आणि पाकिस्तानात सिंधमधल्या हाला भागातला अभ्यास पाहा. तो 2011 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्येच आला. तिथे गटांचे वाटप चिठ्ठीने केले होते, म्हणजे ‘मुळे’ या शब्दाच्या बाबतीत तो गडचिरोलीपेक्षा सरस. काम सरकारच्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ बायकांनीच केले, आपली इतर कामे सांभाळून. नवजात मृत्युदर सुमारे 15 टक्क्यांनी कमी झाला. आणि किती नवजात बाळांपर्यंत त्या भेटीला पोचल्या? 24 टक्के.

62 आणि 15 हे आकडे शेजारी ठेवून लोक लगेच विचारतात, मग खरे कोणाचे? माझ्या मते दोन्ही खरे असू शकतात, कारण प्रश्न वेगळे आहेत. एकाने विचारले, ही देखभाल जवळपास प्रत्येक बाळापर्यंत पोचवली तर काय होते. दुसऱ्याने विचारले, ती आहे त्या सरकारी यंत्रणेच्या हाती दिली तर काय होते. अर्थात फरक फक्त पोचण्याचा होता असेही म्हणता येत नाही. कामाचे स्वरूप वेगळे, देश वेगळा, बाळंतपणाची रीत वेगळी, आणि वाटपाची पद्धतही वेगळी. अनेक गोष्टी एकदम बदलल्या की फरकाचे श्रेय एकाच गोष्टीला देणे हा पुन्हा अंतर्गत वैधतेचाच प्रश्न होतो, या वेळी दोन अभ्यासांच्या मधला. घानातला 2013 चा अभ्यास आणखी पुढचा: 98 विभागांचे चिठ्ठीने वाटप, घट 8 टक्के, आणि तीही योगायोगाच्या मर्यादेत बसणारी. तिथे तुलनेच्या भागातला मृत्युदर 32 च्या आसपास होता, आणि बऱ्याच बायका दवाखान्यात बाळंत होत होत्या.

आपल्याकडे याचेच दुसरे रूप झाले. 2011 मध्ये देशपातळीवर आशांच्या गृहभेटी सुरू झाल्या: दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी सहा, घरी जन्मलेल्यासाठी सात, बेचाळीसाव्या दिवसापर्यंत, आणि ठरलेल्या भेटी पूर्ण केल्यावर 250 रुपये. जेंटामायसिनचे इंजेक्शन आशांच्या हाती दिले नाही. तोपर्यंत जननी सुरक्षा योजनेमुळे बाळंतपणे दवाखान्यांकडे वळली होती, म्हणजे न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायचा तो पहिला मिनिट आता आशाच्या समोर येतच नाही, तो प्रसूतिगृहात येतो. भेटी आहेत, नाव जवळपास तेच आहे, पण साखळीतल्या दोन वजनदार कड्या दुसरीकडे गेल्या. आशांचे काम फुकट जाते असे मी म्हणत नाही. ते करणाऱ्या बायका मी रोज पाहतो आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या कामाच्या परिणामाचा आकडा म्हणून गडचिरोलीचे 62 टक्के उद्धृत करायचे, तर हस्तक्षेपही बदललेला आहे आणि परिस्थितीही, हे त्याच वाक्यात लिहिले पाहिजे.

किती बदललेली, हे एका हिशेबाने दिसते. गडचिरोलीच्या लेखात आहे की 1997-98 मध्ये देखभाल मिळालेल्या दर 18 नवजात बाळांमागे एक मृत्यू टळला, त्यात मृतजन्मही धरले होते. नमुना नोंदणी प्रणालीनुसार 2020 मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी 11 होता. समजा उद्या महाराष्ट्रात एकही नवजात बाळ दगावले नाही. तरी दर 91 बाळांमागे एकच मृत्यू टळला असे होईल, कारण टाळायला तेवढेच मृत्यू आहेत. मृतजन्म तितकेच आणखी धरून तेही सगळे टळले असे मानले, तरी 45 ला एक. ‘अठराला एक’ हे वाक्य तिथे आणि तेव्हा खरे होते, पण आजच्या सरासरी महाराष्ट्रात ते अंकगणितानेच अशक्य आहे. टक्केवारीतली घट तरी टिकेल का? त्याचीही हमी नाही. जिथे दर 11 पर्यंत आला तिथे सोप्या उपायांनी वाचणारी बाळे बरीचशी आधीच वाचलेली असतात. उरलेल्यांत फार अपुऱ्या दिवसांची आणि जन्मजात व्यंग असलेली बाळे जास्त, आणि त्यांना घरी जाऊन वाचवता येत नाही. मात्र राज्याची सरासरी 11 असली तरी एखाद्या दुर्गम तालुक्याची तेवढी नसते. तिथे गडचिरोलीचा अनुभव आजही जवळचा ठरू शकतो. म्हणून ‘लागू होतो की नाही’ असे न विचारता, कुठल्या तालुक्याला आणि कुठल्या अटींवर असे विचारा.

आता तुमच्या प्रबंधाकडे.

तुमचा निकाल मृत्यूसारखा नाही, तो आईच्या तोंडून येतो. म्हणून मोजणीची शंका तुमच्याकडे गडचिरोलीपेक्षा कितीतरी मोठी आहे. मी स्वतः केलेली एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका पाहणीत, ज्या आशांनी आयांना सल्ला दिला त्यांच्यासोबतच आम्ही प्रश्नावली घेऊन घरोघर गेलो. एका घरी मी ओसरीवर बसलो होतो. आशाताईंनी विचारले, ‘बाळाला वरचं काही देत नाही ना गं?’ बाई म्हणाली, ‘नाही ताई, फक्त अंगावरचंच.’ मी ‘निव्वळ स्तनपान’ वर खूण केली. उठताना पाहिले तर कोनाड्यात सहाण, तिच्यावर ओली बाळगुटी, आणि शेजारी मधाची बाटली. सासूबाई रोज चाटवत होत्या. आई खोटे बोलली नव्हती, तिच्या लेखी गुटी हे ‘वरचे’ नव्हतेच, ते औषध होते. आणि विचारणारी तीच होती जिने महिनाभर ‘देऊ नका’ सांगितले होते, प्रश्नही ‘नाही ना’ असा होता. त्या अभ्यासातल्या हस्तक्षेपाच्या गावांत आम्ही स्तनपान किती वाढवले आणि योग्य उत्तर देणे किती शिकवले, हे मी आजही सांगू शकत नाही. तुलनेच्या गावांत ते उत्तर कोणी शिकवलेच नव्हते.

तेव्हा तुमची मोजणी कोणी केली ते आधी पाहा. आशांनीच केली असेल तर अजून वेळ असेपर्यंत दोन्ही केंद्रांतल्या काही घरी अनोळखी व्यक्ती पाठवा, जिला हे घर कुठल्या गटातले ते माहीत नाही. तिने ‘फक्त दूध देता का’ असे विचारू नये. कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत बाळाच्या तोंडात काय काय गेले ते एकेक नाव घेऊन विचारावे: पाणी, साखरपाणी, मध, गुटी, गाईचे दूध, ग्राइपवॉटर. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेगळे लिहावेत, त्यांनी निव्वळ स्तनपान मोडत नाही. हे सासूबाईंनाही विचारावे. आशांची नोंद आणि ही नोंद यांतले अंतर दोन्ही केंद्रांत सारखे निघाले तर चूक दोन्हीकडे सारखी आहे आणि तुमचा फरक बराचसा टिकतो. हस्तक्षेपाच्या केंद्रात ते अंतर जास्त निघाले तर तेवढा फरक तुमचा नाही.

केंद्र कसे निवडले तेही लिहा. तिथले वैद्यकीय अधिकारी उत्साही होते म्हणून निवडले असेल तर तो उत्साह तुमच्या हस्तक्षेपाबरोबर आत शिरला आहे. स्तनपान तिथे सर्वांत कमी होते म्हणून निवडले असेल, तर पुढच्या मोजणीत ते काही अंशी आपोआपच वर आले असते, कारण एखाद्या वर्षी तळाला दिसलेला आकडा पुढच्या वर्षी सरासरीकडे सरकतो. सुरुवातीचे दोन्ही केंद्रांचे आकडे तुमच्याकडे असतील तर ते पहिल्याच तक्त्यात द्या. नसतील तर ‘वाढले’ हा शब्दही जातो, फक्त ‘जास्त आढळले’ उरते.

बाह्य वैधतेसाठी वेगळा परिच्छेद लिहिण्यापेक्षा वाचकाला तुलना करता येईल एवढी माहिती द्या: एका आशेमागे किती लोकसंख्या, ठरलेल्या भेटींपैकी किती झाल्या, पर्यवेक्षण कोणी केले, भेटींसाठी जादा मानधन दिले का, किती आया पहिल्या महिन्यात माहेरी होत्या, किती बाळंतपणे दवाखान्यात झाली. जादा मानधन तुमच्या प्रकल्पातून गेले असेल तर ते सर्वांत आधी लिहा. जे केंद्र ते पैसे देऊ शकत नाही तिथे तुमचा निष्कर्ष पोचत नाही.

आणि वाक्य असे करा:

‘अभ्यासाच्या काळात, ज्या केंद्राच्या गावांत आशांना जादा प्रशिक्षण दिले आणि त्यांनी जादा गृहभेटी दिल्या, तिथे आयांनी सांगितलेल्या निव्वळ स्तनपानाचे प्रमाण शेजारच्या केंद्राच्या गावांपेक्षा जास्त वाढले. केंद्रे दोनच होती व त्यांचे वाटप यादृच्छिक नव्हते. त्यामुळे या फरकातला काही भाग केंद्रांमधल्या इतर फरकांचा असू शकतो.’

त्यापुढे चौथे वाक्य घालायचे ते वरच्या फेरतपासणीचा निकाल हाती आल्यावरच. दोन्ही नोंदींतले अंतर दोन्हीकडे सारखे निघाले तर ‘सांगितलेल्या’ हा शब्द काढायची मुभा मिळणार नाही, पण तो का पुरेसा आहे हे आकड्यानिशी सांगता येईल. परीक्षेत कोणी विचारले की मग गोंदियात किंवा सिंधुदुर्गात हे होईल का, तर भेटी किती पोचल्या आणि बाळंतिणी कुठे होत्या ते दोन आकडे सांगा, आणि तिथले तेच दोन आकडे काय आहेत ते त्यांना विचारा.